तिन्हीसांजेचा ३x खरा असतोच असं नाही

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव रंगात आला की समोरच्या सुवर्णदुर्गाचा फोटो काढायचा मोह होतोच. दुपारी ३x दाबलं की, वेगळी टेलिफोटो लेन्स असलेला फोन तीच वापरतो. हा ऑप्टिकल झूम, त्यात तटबंदीचे दगडसुद्धा सुटे दिसतात. उजेड उतरला की मात्र बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर येतात आणि त्याच्याच चित्राचा मधला तुकडा ताणून दाखवतात, कारण टेलिफोटोचा सेन्सर लहान असतो आणि त्याला प्रकाश कमी मिळतो. स्क्रीनवर आकडा ३xच राहतो!

ओळखायचं कसं? ३x ठेवून टेलिफोटो लेन्सवर बोट धरा. चित्र काळं झालं नाही, तर तो डिजिटल झूम आहे. मग ताणण्यात अर्थ नाही. १x वरच नाइट मोड लावा आणि हवा तेवढा भाग नंतर कापून घ्या.

नाइट मोड दोन-तीन सेकंदांत अनेक फ्रेम घेऊन त्या एकावर एक जुळवतो. म्हणून फोन कठड्याला टेकवा, ३ सेकंदांचा टायमर लावा. किल्ला स्थिर, तो छान येईल. लाटांवर डुलणाऱ्या होड्या मात्र पुसट नाहीतर दुहेरी येतील. होड्याच हव्या असतील तर नाइट मोड बंद करा, थोडे दाणे चालवून घ्या. आणि आधी लेन्स पुसा. खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर धुरकट थर बसलेला असतो.