ट्रेडिंग प्लॅन लिहिताना या चुका टाळा

नोकरी सांभाळून ट्रेडिंग करणारे मला त्यांचे प्लॅन दाखवतात. बहुतेकांत ‘रिस्क: १ टक्का’ अशी ओळ असते आणि विषय तिथेच संपतो. त्या एक टक्क्यात शेअर किती बसतात, हे कुठेच नसतं.

एका मित्राचं भांडवल ५०,०००, म्हणजे एका सौद्यात तोटा जास्तीत जास्त ५००. एन्ट्री ४२० ला, स्टॉपलॉस ४०८ ला. शेअरमागे जोखीम १२, आणि ५०० भागिले १२ केलं की ४१ शेअर. पठ्ठ्यानं घेतले १००, कारण ४१ हा आकडा त्याला ‘विचित्र’ वाटला! दुसऱ्या दिवशी शेअर उघडलाच ३९६ ला. ४०८ ला सौदाच झाला नाही, त्यामुळे स्टॉपलॉसची ऑर्डर ३९६ ला सुटली. तोटा २,४००, भांडवलाच्या जवळजवळ पाच टक्के. ४१ शेअर असते तरी ९८४ गेलेच असते, कारण रात्रभर ठेवलेल्या पोझिशनला गॅपपासून स्टॉपलॉस वाचवत नाही. पण दोन टक्क्यांचा फटका पचतो.

म्हणून मी ऑर्डर टाकण्याआधी वहीत चार आकडे लिहितो: एन्ट्री, स्टॉपलॉस, फरक, क्वांटिटी. अपूर्णांक आला तर खालचा आकडा. जिथे १०० चा लॉटच घ्यावा लागतो, तिथे हा सौदा १,२०० च्या जोखमीचा होतो, तो सोडायचा. इथे घाईवाले हमखास एक शॉर्टकट काढतात: लॉट बसवण्यासाठी स्टॉपलॉस ४१५ वर ओढतात. सेटअप चुकला हे ४०८ खाली गेल्यावर कळणार असेल, तर ४१५ ला तुम्ही रोजच्या हेलकाव्यातच बाहेर फेकले जाणार.

दुसरी चूक वेळेची. प्लॅनमध्ये पाच मिनिटांच्या चार्टवरचा ब्रेकआउट, आणि त्या वेळी साहेब मीटिंगमध्ये. मग बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर एन्ट्री, तीही भाव बराच वर गेल्यावर. दिवसा स्क्रीन बघता येत नसेल तर प्लॅनमध्ये डेली चार्टचा एकच सेटअप ठेवा. बाजार बंद झाल्यावर चार्ट बघायचा आणि ट्रिगर प्राइस लावून ऑर्डर रात्रीच तयार ठेवायची. ‘या भावाच्या वर गेला तर घेणार नाही’ ही मर्यादाही तिथेच लिहायची, नाहीतर गॅप अपमध्ये वरच्या भावाला माल गळ्यात पडतो आणि १२ चं गणित २० चं होतं.

बाजार एकच निवडा. तीन बाजार लिहिणाऱ्याला एकाचीही नीट सवय होत नाही.

खर्च धरा. खरेदी-विक्री मिळून ५० जात असतील, तर ५०० च्या जोखमीतला दहावा हिस्सा तिथेच गेला, आणि क्वांटिटी ४५० वरून काढायची: ४१ नव्हे, ३७.