शेततळ्याची आकृती शब्दांत सांगताना या चुका टाळा

जालना किंवा बीडच्या एखाद्या गावातून शेततळ्याचा आराखडा तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या आरेखकाला फोनवर सांगावा लागतो, किंवा तो मजकूर म्हणून टंकून संगणकाकडून काढून घ्यावा लागतो. मूळ कागद समोरच्यापुढे नसतो आणि तो केवळ शब्दांवरून रेषा ओढतो. अशा वेळी सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य असते, ‘तीस बाय तीसचे, तीन मीटर खोल तळे काढा.’ या वाक्यावरून किमान तीन वेगवेगळ्या आकृत्या निघू शकतात, आणि प्रत्येक काढणाऱ्याला आपलीच बरोबर वाटते. पुढील सर्व उदाहरणे याच एका शेततळ्याची आहेत, ज्याच्या बाजूंचा उतार 1:1 आहे.

वरून पाहतो आहोत की कापून, हे न सांगणे

शेततळ्याच्या दोन आकृत्या असतात. वरून पाहिलेल्या नकाशात एकात एक असे दोन चौरस दिसतात. बाहेरचा चौरस काठाचा आणि आतला तळाचा असतो, व बाहेरचा प्रत्येक कोपरा आतल्या चौरसाच्या जवळच्या कोपऱ्याला तिरप्या रेषेने जोडलेला असतो. ‘दोन चौरस’ एवढेच सांगितले, तर या चार रेषा हमखास गळतात आणि उतार असलेला खड्डा पायरी असलेल्या हौदासारखा दिसू लागतो. दुसरी आकृती उभ्या छेदाची. त्यात वर उघडा असलेला समलंब चौकोन दिसतो. हा छेद तळ्याच्या मध्यातून, काठाला समांतर घेतला आहे हेही सांगावे, कारण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत छेद घेतल्यास वरची रुंदी 30 ऐवजी सुमारे 42.4 मीटर भरते.

माप कोठे घेतले, हे न सांगणे

खरी गडबड येथे होते. उतार असलेल्या खड्ड्याला एकच लांबी नसते. काठावर 30 मीटर असेल, तर 1:1 उताराने 3 मीटर खाली जाताना प्रत्येक बाजू 3 मीटर आत येते आणि तळ 24 × 24 मीटरचा उरतो. काठाचे क्षेत्रफळ 900, खोलीच्या मध्यावरचे 729 आणि तळाचे 576 चौरस मीटर येते. मध्याच्या चौपटीत काठ व तळ मिळवून, आलेल्या बेरजेला खोलीने गुणून 6 ने भागले की 2196 घनमीटर मिळतात. शासकीय योजनांच्या कागदांवर या आकाराच्या तळ्यासाठी हाच आकडा दिसतो. आरेखकाने 30 मीटर हे माप तळाचे मानले, तर काठ 36 मीटरचा होतो आणि घनफळ 3276 वर जाते. म्हणजे 1080 घनमीटर जास्तीचे खोदकाम एका गाळलेल्या शब्दामुळे कागदावर येते. म्हणून ‘30 × 30’ असे कधीच एकटे लिहू नये. ‘जमिनीच्या पातळीवर, आतील काठापासून समोरच्या आतील काठापर्यंत 30 मीटर’ असे लिहावे आणि तळाचे मापही सोबत द्यावे. दोन्ही मापे दिली की उतार आपोआप पडताळला जातो.

उताराचे गुणोत्तर हा तर सापळाच आहे. 1:1 मध्ये आडवे आणि उभे अंतर सारखे असल्याने चूक लपून राहते. पण उतार 1:1.5 सांगितला की प्रश्न पडतो, दीड मीटर आडवे की उभे? 1 मीटर खोलीला 1.5 मीटर आडवे, असा अर्थ घेतला तर 3 मीटर खोलीवर बाजू 4.5 मीटर आत सरकते आणि तळ 21 मीटरचा राहतो. उलट अर्थ घेतला तर ती 2 मीटरच आत येते आणि तळ 26 मीटरचा होतो. दुसऱ्या अर्थाने काढलेली बाजू जास्त उभी असते, आणि आपल्याकडच्या काळ्या मातीत अशी बाजू पाणी मुरल्यावर ढासळते. त्यामुळे गुणोत्तरावर न थांबता, माझ्या मते, ‘प्रत्येक 1 मीटर खोलीला बाजू 1.5 मीटर आत येते’ असे पूर्ण वाक्यच लिहावे. ते लांबते, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

खोली कोठून मोजली, हे न सांगणे

खोदलेली माती काठापासून थोडी पट्टी सोडून बांधासारखी रचतात. समजा बांध 1 मीटर उंच आहे आणि खोली बांधाच्या माथ्यापासून मोजली, तर जमिनीखालचा खड्डा 2 मीटरच उरतो. काठ 30 मीटर कायम ठेवल्यास घनफळ सुमारे 1571 घनमीटर होते. वर्णनात आधी जमिनीची आडवी रेषा काढायला सांगावी आणि नंतरचे प्रत्येक उभे माप ‘जमिनीच्या रेषेपासून खाली’ किंवा ‘वर’ असे द्यावे.

दिशांच्या बाबतीतही तसेच. ‘डावीकडून पाणी येते’ हे बोलणारा बांधावर कोणत्या बाजूला उभा आहे, यावर अवलंबून असते. नकाशात उत्तर वर आहे असे सांगून ‘पश्चिम काठावर, वायव्य कोपऱ्यापासून दक्षिणेकडे 10 मीटरवर पाणी येण्याचा मार्ग’ असे लिहिले की वाद उरत नाही. छेदासाठी ‘दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहताना’ असे जोडावे, म्हणजे डावी बाजू पश्चिमेची ठरते. ‘कोपऱ्याजवळ’ हा शब्द मात्र पूर्ण वर्ज्य करावा.

संगणकाला शाळेची भूमिती सांगणे

निर्देशांक देऊन छेद काढायचा असेल, तर वरची दिशा धन की ऋण, हे साधनागणिक बदलते. शाळेत आपण y वर जाताना वाढवतो, पण SVG या मजकुरातून चित्र काढण्याच्या स्वरूपात y खाली जाताना वाढतो. 1 मीटरला 10 एकके धरल्यास छेद असा लिहितात.

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg"
     viewBox="-10 -10 320 60">
  <polyline points="0,0 30,30 270,30 300,0"
            fill="none" stroke="black"/>
</svg>
```

येथे शून्य म्हणजे जमिनीची पातळी आणि 30 म्हणजे 3 मीटर खाली. सवयीने खोलीसाठी -30 लिहिले, तर तळाची रेषा जमिनीच्या वर जाते आणि चित्राची चौकट ठरवणाऱ्या `viewBox` च्या बाहेर पडून दिसेनाशी होऊ शकते. उलट हेच धन निर्देशांक, जेथे y वर वाढतो त्या TikZ या आरेखनाच्या साधनात दिले, तर खड्ड्याऐवजी मातीचा ढिगारा उभा राहतो. म्हणून निर्देशांकांसोबत ‘शून्य बिंदू पश्चिमेच्या काठावर, जमिनीच्या पातळीवर आहे आणि y खाली वाढतो’ हे वाक्य अवश्य द्यावे.

आकृती चुकून आली, तर

पुन्हा सगळे वर्णन वाचून दाखवण्याऐवजी समोरच्याला तीन आकडे विचारावेत, म्हणजे काठाची रुंदी, तळाची रुंदी आणि जमिनीपासूनची खोली. काठ 36 आला, तर मापाची जागा सांगायची राहिली आहे. काठ व तळ दोन्ही 30 आले, तर उतारच पोहोचलेला नाही. खोली 2 आली, तर ती बांधापासून धरली गेली आहे. तिन्ही आकडे जुळूनही पाण्याचा मार्ग विरुद्ध काठावर असेल, तर पाहण्याची दिशा तपासावी.

शेताची हद्द वाकडीतिकडी असेल, तेव्हा ‘थोडी आत वळलेली’ अशा शब्दांनी ती कधीच जुळत नाही. एक पक्की खूण, जसे की विहिरीचा कठडा किंवा हद्दीचा दगड, शून्य मानावी. हद्दीच्या प्रत्येक वळणाचे त्या खुणेपासूनचे पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण अंतर मोजून, बिंदू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने क्रमाने लिहावेत, आणि शेवटचा बिंदू पहिल्याला जोडायचा आहे असे स्पष्ट सांगावे. क्रम बदलला, तर बिंदू सगळे बरोबर असूनही रेषा एकमेकींना छेदतात.