क्लोराइडचं टायट्रेशन : ब्लँक घेऊनही माझं रीडिंग का चुकलं

सातपूरच्या एका लॅबमध्ये ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे क्लोराइड आलं. सिल्व्हर नायट्रेट आणि क्रोमेट म्हणजे कॉलेजात केलेलंच काम, म्हणून मी निर्धास्त होतो. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेतल्या विहिरीचं पाणी होतं. पहिलं उत्तर ७२ मिलिग्रॅम प्रति लिटर आलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याचं ५९. तो एक दिवस मला अजून आठवतो, कारण पहिला आकडा रिपोर्टच्या मसुद्यात गेलासुद्धा होता.

चूक बाटलीपासून सुरू झाली होती. त्या विहिरीच्या दोन बाटल्या होत्या. एक साधी, आणि दुसरी धातूंच्या तपासणीसाठी, नायट्रिक अ‍ॅसिड घालून ठेवलेली. मी दुसरी उचलली. क्लोराइडसाठी नमुन्यात काहीही घालून ठेवावं लागत नाही, म्हणून साधी बाटलीच घ्या. बाटलीवरचं लेबल शेवटपर्यंत वाचा, नुसता नंबर बघू नका.

अ‍ॅसिड आहे हे मला नंतर कळलं. मग १०० मिली नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड अंदाजाने टाकलं. सीनियर म्हणाले, "एवढं पुरे, रंग आला की थांब." मी मोजलं नाही. अनुभवी माणसाच्या अंदाजावर नवख्याने काम करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यांच्या डोळ्यांना जे दिसतं, ते आपल्याला दिसायला वेळ लागतो.

५ टक्के पोटॅशियम क्रोमेट १ मिली टाकलं. पाणी लिंबासारखं पिवळं व्हायला हवं होतं, पण त्याला नारिंगी झाक आली. इशारा तिथेच होता. तुम्हाला अशी झाक दिसली तर ब्युरेटला हात लावू नका.

यात घडतं असं. चांदी आधी क्लोराइडशी जुळते आणि पांढरा गढूळ साका पडतो. क्लोराइड संपलं की ती क्रोमेटशी जुळते आणि विटकरी झाक येते. पण पाणी आम्ल असलं तर क्रोमेटचा बराच भाग हायड्रोजन क्रोमेट आणि डायक्रोमेट होऊन जातो. खरं क्रोमेट थोडंच उरतं, म्हणून रंग यायला जास्त चांदी लागते. एंड पॉइंट उशिरा येतो आणि क्लोराइड जास्त दिसतं. उलट pH १० च्या वर गेला तर चांदी हायड्रॉक्साइडशी जुळून तपकिरी ऑक्साइड पडतं, आणि तिथेही चांदी जास्तच खर्च होते. म्हणून pH ७ ते १० मध्ये ठेवायचा. पाण्यात अमोनियम क्षार असतील तर ७.२ च्या वर नेऊ नका, नाहीतर अमोनिया चांदीला धरून बसतो.

माझ्या कोनिकलमध्ये उरलेल्या द्रावणाचा pH नंतर तपासला, तो ४ च्या आसपास निघाला. आकडे असे होते. सिल्व्हर नायट्रेट ०.०१४१ नॉर्मल, नमुना १०० मिली, ब्लँक ०.३ मिली.

```
Cl (mg/L) = (A - B) × N × 35450 / mL नमुना
चुकीचं: (14.8 - 0.3) → 72
बरोबर: (12.1 - 0.3) → 59
```

ब्लँक वजा करूनही १३ चा फरक उरला, आणि मला घोळात टाकलं ते यानेच. ब्लँक म्हणजे रंग डोळ्याला दिसण्यापुरती लागणारी जादा चांदी. डिस्टिल्ड वॉटरचा तो ब्लँक pH ठीक असताना घेतलेला होता. आम्ल नमुन्याला लागणारी जादा चांदी त्यात धरलेलीच नव्हती. तरी ब्लँक टाळू नका. १०० मिली नमुन्यात ०.३ मिली म्हणजे दीड मिलिग्रॅम प्रति लिटर, पण २५ मिलीच नमुना घेतलात तर तेच सहा होतं. ब्लँकमध्ये क्लोराइड नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची चिमूट टाका. त्याने साक्यासारखा पांढरा गढूळपणा येतो आणि दोन्हीकडचा रंग सारखा जुळवता येतो. गडद विटकरीची वाट बघायची नाही. हलवूनही न जाणारी पहिली झाक, तिथे थांबायचं.

आता मी pH वेगळ्या १०० मिलीवर बघतो आणि किती अल्कली लागली ते लिहून ठेवतो. तेवढीच मोजून दुसऱ्या, टायट्रेशनच्या भागात टाकतो. इलेक्ट्रोड थेट टायट्रेशनच्या कोनिकलमध्ये बुडवू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असतं आणि ते थोडंथोडं झिरपतं. जे मोजायचं, तेच आपण पाण्यात सोडतो.

कैरीच्या खाराला मात्र ब्लँकचं एवढं ओझं नसतं. त्यात मीठच इतकं असतं की खार पातळ करूनही ०.३ मिली फारसं जाणवत नाही. तिथे हळद-तिखटाचा रंग नडतो, म्हणून मसाला पडण्याआधीचाच खार घेतलेला बरा. आंबटपणा असतोच, त्यामुळे pH तिथेही आधी बघायचा.

टायट्रेशन झालेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका. क्रोमेट विषारी आहे आणि कर्करोगकारकही. आमच्याकडे त्याची वेगळी कॅन आहे, आणि हातमोजे काढायचे ते ती कॅन बंद केल्यावरच.