जास्त आलेले पैसे परत करतोय असं कस्टमरला लिहिताना या चुका टाळा

आमचं लोखंडी रॅक बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. एका मेडिकलवाल्या काकांचं बिल होतं २०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. त्यातले ५,००० ॲडव्हान्स त्यांच्या मुलाने आधीच यूपीआयवरून पाठवले होते, पण मी बिलावर ते वजा करून दाखवलेच नाहीत, त्यामुळे काकांनी दुकानाच्या खात्यातून पूर्ण २३,६०० एनईएफटी केले.

मी काय केलं, तर व्हॉट्सॲपवर टाकलं, "तुमचे पैसे जास्त आलेत, खाते नंबर पाठवा, रिफंड करतो." काकांना वाटलं फ्रॉड आहे आणि त्यांनी नंबर ब्लॉक केला. बरोबरच केलं त्यांनी, फसवणारे अगदी असाच मेसेज पाठवतात! म्हणून खाते नंबर, क्यूआर, लिंक, ओटीपी काहीच मागायचं नाही, पैसे जिथून जास्तीचे आले तिथेच परत. आणि इथे नीट बघा, ॲडव्हान्स मुलाचा असला तरी जास्तीची रक्कम दुकानाच्या खात्यातून आलीय, मुलाला परत पाठवली तर त्यांच्या वहीत हिशोब जुळणार नाही.

दुसरी चूक याहून महागात पडते, ती म्हणजे घाईघाईत ५,००० ची क्रेडिट नोट काढणं. बिल २३,६०० चं बरोबरच आहे ना, फक्त पेमेंट जास्त झालंय, मग क्रेडिट नोट कशाला? ती आपण जीएसटीआर-१ मध्ये भरली की कस्टमरच्या २बी मध्ये दिसते, त्यांचं इनपुट क्रेडिट कमी होतं आणि त्यांच्या सीएचा फोन येतो. बिलातच रेट, नग किंवा टॅक्स जास्त लागला असेल, किंवा माल परत आला वा खराब निघाला असेल तरच क्रेडिट नोट, नाहीतर साधी पेमेंट एंट्री पुरते.

"पुढच्या बिलात ॲडजस्ट करू" हे पण स्वतःच ठरवून टाकू नका, पैसे त्यांचे आहेत, त्यांनी म्हटलं तर करा.

शेवटी मी लेटरहेडवर लिहिलं ते असं:

"नमस्कार काका, तुमच्या रॅकचं बिल २३,६०० रुपये. ३ जूनला ॲडव्हान्स ५,००० आणि १८ जूनला एनईएफटीने २३,६०० मिळाले, एकूण २८,६००. म्हणजे ५,००० जास्त आलेत. बिलावर ॲडव्हान्स वजा दाखवायचा राहिला ही माझी चूक, माफ करा. ज्या खात्यातून एनईएफटी आली त्याच खात्यात शुक्रवारी २१ जूनला ५,००० परत पाठवतोय. तुम्हाला काही पाठवायची गरज नाही. शंका असेल तर बिलावरच्या नंबरवर फोन करा."

पाठवायच्या आधी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दोन्ही रकमा खरंच जमा दिसतायत ना ते बघा, नुसत्या स्क्रीनशॉटवर कधीच रिफंड करू नका. शुक्रवारी पैसे गेले की यूटीआर नंबर काकांना कळवला आणि लेजरची एक प्रत पण दिली, त्यात शेवटी बाकी शून्य.