ग्राहकाचा अभिप्राय संक्षिप्त करताना त्याचे म्हणणे कसे जपावे

अभिप्रायाला कात्री लावण्यापूर्वी मूळ मजकूर जसाच्या तसा, तारखेसह आणि ग्राहकाला विचारलेल्या प्रश्नासह, वेगळा जतन करावा. प्रश्न जपणे विशेष आवश्यक आहे, कारण ‘तुम्हाला काय आवडले?’ या प्रश्नाचे उत्तर आणि ग्राहकाने आपणहून केलेली प्रशंसा यांचे वजन सारखे नसते. अभिप्राय ध्वनिमुद्रित असेल तर आधी अडखळण्यासह शब्दशः उतरवून घ्यावा आणि मगच संपादन सुरू करावे.

बिले तयार करण्याच्या सॉफ्टवेअरबद्दलचा एक काल्पनिक अभिप्राय उदाहरणादाखल घेऊ:

“सुरुवातीचे दोन आठवडे फार त्रासाचे गेले, म्हणजे खरं सांगायचं तर आम्ही हे बंदच करणार होतो, पण मग तुमच्या मदत विभागातल्या ताईंनी दोनदा फोनवर सगळं समजावून सांगितलं आणि आता काय होतं की महिनाअखेरची बिलं, जी आधी साधारण तीन दिवस घ्यायची, ती बहुतेक वेळा एका दिवसात होतात, म्हणजे जुन्या ग्राहकांची, नव्यांची माहिती भरायला अजूनही वेळ लागतोच, पण एकंदरीत आम्ही समाधानी आहोत.”

घाईत काम करणारा संपादक यातून “महिनाअखेरची बिलं एका दिवसात होतात. आम्ही समाधानी आहोत.” एवढेच उचलतो. यातला प्रत्येक शब्द ग्राहकाचाच आहे, तरीही हे ग्राहकाचे म्हणणे नाही, कारण त्याने ‘बहुतेक वेळा’ म्हटले होते, जुन्या ग्राहकांच्या बिलांपुरते म्हटले होते आणि आपले समाधान ‘एकंदरीत’ या शब्दाने मोजून दिले होते.

म्हणून काटछाट करण्याआधी अशा मर्यादा घालणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढावी: साधारण, बहुतेक वेळा, आमच्यापुरते, सध्या तरी, एकंदरीत. मराठीत हे काम अनेकदा ‘च’, ‘ही’, ‘तरी’ यांसारखी छोटी अव्ययेही करतात. ‘वेळ लागतोच’ या ‘च’मध्ये ग्राहकाची तक्रार आहे, तो गाळला की केवळ नोंद उरते. त्याचप्रमाणे ‘पण’च्या दोन्ही बाजूंनाही खूण करावी, कारण त्यातली एकच बाजू ठेवली तर तोल बिघडतो. रेघ ओढलेला शब्द ज्या विधानाला बांधलेला आहे, ते विधान ठेवायचे असेल तर तो शब्दही ठेवावा.

यानंतर जे निर्धोकपणे काढता येते ते काढावे: ‘म्हणजे’, ‘खरं सांगायचं तर’, ‘आता काय होतं की’ यांसारखे बोलण्यातले भराव, पुनरुक्ती आणि अभिवादन. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त कराव्यात, परंतु बोलीचे प्रमाण भाषेत रूपांतर करू नये आणि विशेषणाला हात लावू नये. ‘बरं वाटलं’चे ‘उत्तम वाटलं’ करणे ही भाषेची दुरुस्ती नाही, तो नवा दावा आहे. मधला अर्थपूर्ण भाग गाळला तर तिथे तीन टिंबे द्यावीत आणि स्पष्टतेसाठी स्वतःचा शब्द घातला तर तो चौकटी कंसात ठेवावा.

आपले उदाहरण आता असे होते:

“सुरुवातीचे दोन आठवडे फार त्रासाचे गेले… पण मदत विभागातल्या ताईंनी दोनदा फोनवर सगळं समजावून सांगितलं. जुन्या ग्राहकांची महिनाअखेरची बिलं, जी आधी साधारण तीन दिवस घ्यायची, ती आता बहुतेक वेळा एका दिवसात होतात. नव्यांची माहिती भरायला अजूनही वेळ लागतोच, पण एकंदरीत आम्ही समाधानी आहोत.”

‘जुन्या ग्राहकांची’ हे शब्द येथे पुढे आणले आहेत. नव्यांविषयीचे वाक्य जागेअभावी काढण्याचा मोह होईल. मी ते ठेवीन, कारण त्याच्यामुळेच ‘एकंदरीत’चा अर्थ कळतो. याहूनही लहान आवृत्ती हवी असेल तर ती या संपादित मजकुरातून न काढता पुन्हा मूळ मजकुरावरून करावी. काटछाटीवर काटछाट केली की प्रत्येक फेरीत एखादी मर्यादा निसटते आणि ती निसटल्याचे कोणाच्याच लक्षात येत नाही.

विपर्यास झाला आहे का हे पाहण्यासाठी, मूळ मजकूर न वाचलेल्या सहकाऱ्याला संपादित मजकूर द्यावा आणि ‘या ग्राहकाला नक्की काय मिळाले, आणि काय मिळाले नाही?’ असे विचारावे. त्याच्या उत्तरात ‘सगळी बिले नेहमी एका दिवसात होतात’ असे आले तर संपादन फसले आहे.

शेवटी मूळ आणि संपादित असे दोन्ही मजकूर ग्राहकाकडे पाठवावेत. ‘चालेल ना?’ असे विचारले की बहुतेक जण संकोचाने होकार देतात, म्हणून शब्दांची कोणती हलवाहलव केली आणि काय गाळले ते दाखवून ‘यात तुमचे म्हणणे कुठे बदलले आहे का?’ असे विचारावे. संमती लेखी घ्यावी, आणि पुढे मजकूर पुन्हा लहान केला तर ती पुन्हा घ्यावी. अभिप्राय छापण्याची परवानगी आधीच मिळालेली असेल पण संपादनाबाबत उत्तर आले नाही, तर संपादित आवृत्ती बाजूला ठेवून मूळ अभिप्रायच पूर्ण छापावा.