‘चालू’त तीनच, तरी अर्धवट बावीस: एकट्याच्या बोर्डावरच्या या चुका टाळा

एकट्यानं काम करणाऱ्याच्या कामांच्या बोर्डावर, जिथे प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं, बहुतेक तीन रकाने असतात: ‘करायचं’, ‘चालू’ आणि ‘झालं’. ‘चालू’ला मर्यादा घालायची, म्हणजे तिथे तीनच कार्डं राहतील आणि चौथं घ्यायचं तर आधी एक संपवायचं, एवढं बहुतेकांना माहीत असतं. टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान पद्धतीतून ही कल्पना आली. पण महिनाभर ती पाळूनही टेबलावरचा अर्धवट कामांचा ढीग तसाच राहिला अशी तक्रार बरेच जण करतात. अशा वेळी दोष आकड्यात शोधला जातो. तो बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत एकट्यानं कार्यालय चालवणाऱ्या एका कर सल्लागार बाईंचा बोर्ड उदाहरणाला घेऊ. त्यांच्याकडे दरमहा जीएसटी रिटर्न भरणारे चाळीसेक व्यापारी आहेत. त्यात महाद्वार रोडचे कापडवाले, गुजरीतला एक सराफ, उद्यमनगरातले लेथवाले आणि शिरोलीची एक फौंड्री असे सगळे आले. महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर GSTR-2B तयार होतं. त्यात पुरवठादारांनी दाखवलेल्या खरेदीची यादी असते. २० तारखेपर्यंत GSTR-3B हे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं. उशीर झाला की रोजची लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. म्हणजे खरं काम त्या पाच-सहा दिवसांतच उरकायचं असतं.

१६ तारखेला त्यांच्या ‘चालू’त बरोब्बर तीन कार्डं होती. नियम पाळलेला. शेजारी मात्र त्यांनी ‘थांबलंय’ नावाचा चौथा रकाना केला होता आणि त्यात एकोणीस कार्डं होती.

‘थांबलंय’ला मर्यादाच नाही

एकट्याच्या बोर्डावरची सगळ्यात महाग चूक हीच. ‘चालू’ भरलं, पुढचं घ्यायचंय, मग हातातलं एक ‘थांबलंय’मध्ये सरकवलं की जागा मोकळी. मनालाही पटतं, कारण काम खरंच समोरच्यामुळे अडलेलं असतं. पण सुरू होऊन संपलेलं नाही ते अर्धवटच, मग ते कुणामुळे का अडलेलं असेना. बाईंकडे त्या दिवशी तीन नव्हे, बावीस कामं उघडी होती.

याचा हिशेब सोपा आहे. संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: सरासरी किती कामं उघडी आहेत, त्याला रोज किती संपतात या आकड्यानं भागलं की एक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरासरी किती दिवस घेतं ते निघतं. बाई दिवसाला साधारण पाच रिटर्न पूर्ण करतात. बावीस भागिले पाच म्हणजे जवळजवळ साडेचार दिवस. त्यांच्या हिशेबात तीन भागिले पाच, म्हणजे अर्धा-पाऊण दिवस होता. व्यापाऱ्याला त्या “आज सुरू केलंय, उद्या होईल” असं सांगायच्या आणि ते खोटं ठरायचं, त्याचं कारण इतकंच. हा नियम सरासरीचा आहे, काम साधारण एका चालीनं येत-जात असेल तेव्हाच बसतो. २० तारखेच्या झुंबडीत तो तंतोतंत लावू नका, पण दिशा तो बरोबर दाखवतो.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी, ‘थांबलंय’लाही आकडा द्यायचा. बाईंनी पाच ठेवला. ते भरलं की नवं काम सुरू करायचं नाही, अडलेल्यांपैकी एक सोडवायचं. फोन करायचा, गरज पडली तर दुकानात जाऊन यायचं. हे कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच नवं रिटर्न उघडायचा मोह होतो. मर्यादेचा उपयोग त्या मोहाच्या क्षणीच आहे, एरवी ती नुसती पाटी.

दुसरी पायरी, प्रत्येक अडलेल्या कार्डावर कशामुळे, कुणाकडे आणि कोणत्या तारखेपासून हे लिहायचं. बाईंनी एकोणीस कार्डांवर तसं लिहिलं तेव्हा तीनच कारणं निघाली. आठ रिटर्न ओटीपीसाठी अडली होती, चार कर भरायच्या चलनाच्या पैशांसाठी, आणि सात कार्डांवर लिहिलं होतं, ‘खरेदीची बिलं यायची’.

ओटीपीची गंमत बघा. रिटर्न पूर्ण तयार, पैसे भरलेले, फक्त व्यापाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला आकडा कळायला हवा. तो आकडा थोडाच वेळ चालतो. बाई सकाळी अकराला, दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना फोन करायच्या. पलीकडून उत्तर ठरलेलं: “मॅडम, जरा गिऱ्हाईक हाय, सांजच्याला सांगतो की.” संध्याकाळी तो विसरायचा. आता त्या दुपारी दोन ते अडीच एवढी वेळ ठेवून सगळ्यांना आदल्या दिवशीच मेसेज टाकतात, आणि त्या अर्ध्या तासात एकापाठोपाठ एक रिटर्न दाखल करतात. आठातली सहा कार्डं पहिल्याच दिवशी ‘झालं’मध्ये गेली.

चलनाचं उलटं. चलन काढल्यापासून १५ दिवस चालतं, त्यामुळे व्यापारी निवांत असतो. इथे बाईंनी चलन पाठवतानाच ‘१८ तारखेला दुपारपर्यंत’ अशी स्वतःची तारीख लिहायला सुरुवात केली.

सामान हातात नसताना सुरुवात

ती सात कार्डं मात्र ‘थांबलंय’मध्ये असायलाच नको होती. खरेदीची बिलं पूर्ण आलेली नसताना ती सुरू केली गेली होती. आलेल्या बिलांवरून 2B शी जुळणी केली, दोन पुरवठादारांचे आकडे जमेनात, तिथेच सोडलं. तीन दिवसांनी व्यापाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी अकरा बिलांचे फोटो पाठवले. आता कुठे थांबलो होतो, कोणता फरक खरा आणि कोणता बिल न आल्यामुळे, हे आठवेना. जुळणी पहिल्यापासून.

गुऱ्हाळात चार घागरी रस आला म्हणून कुणी काहील पेटवत नाही. इथेही तेच करायचं. ‘करायचं’ आणि ‘चालू’ यांच्यामध्ये ‘कागद पूर्ण’ असा रकाना करायचा आणि त्यात शिरायची अट लिहून टाकायची. बाईंची अट तीन गोष्टींची आहे: विक्रीची यादी, खरेदीची सगळी बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट. यातलं एक जरी कमी असलं तरी कार्ड ‘करायचं’मध्येच राहतं आणि ‘चालू’त घेताना ते ‘कागद पूर्ण’मधूनच उचलायचं.

सात कार्डं मागे गेली, सहा संपली. राहिली नऊ. ‘थांबलंय’ची मर्यादा पाच असल्यानं नवं काही न उचलता आणखी एक ओटीपी घेतला, चलनाचे दोन फोन लावले. १७ ला संध्याकाळी ‘चालू’ तीन, ‘थांबलंय’ पाच, एकूण आठ. आठ भागिले पाच, म्हणजे दीड दिवस. बाई आता “परवा नक्की” म्हणतात आणि ते खरं होतं.

इथे एक प्रामाणिक हिशेब हवा. व्यापाऱ्यानं बिलं द्यायला लावलेला वेळ यानं कमी होत नाही. तो फक्त घड्याळाच्या बाहेर गेला. वाचलं ते बाईंचं दुसऱ्यांदा केलेलं काम. पण एकट्या माणसाच्या आठवड्यात तेवढंच तर आपल्या हातात असतं.

कार्डांचा आकार जुळत नाही

काहीच उलाढाल नसलेलं निल रिटर्न पाच-दहा मिनिटांत होतं, फौंड्रीचं दोन दिवस घेतं. दोन्हीला एकेक कार्ड दिलं तर ‘तीन’ या मर्यादेला अर्थ राहत नाही. निल रिटर्न एकत्र करून एकच कार्ड करा आणि एका बैठकीत संपवा. मोठं काम तोडायचं तर खरोखर काहीतरी पूर्ण होतं अशा ठिकाणी तोडा: विक्री जुळली, खरेदी जुळली, चलन काढलं. मात्र एकाच फौंड्रीची दोन कार्डं एका वेळी ‘चालू’त नकोत, नाहीतर तोडण्याचा उपयोग काय?

‘अर्जंट’ नेहमी मर्यादेबाहेर

कुणीतरी नोटीस घेऊन दारात उभा राहतो आणि सगळं बाजूला पडतं. आधी नोटिशीवरची मुदत वाचा. रिटर्नमधल्या तफावतीबद्दलच्या ASMT-10 ला उत्तर द्यायला ३० दिवसांपर्यंत मुदत असते. असा माणूस घाबरलेला असतो, काम घाईचं नसतं. खरंच आजच करायला हवं अशा कामाला एक जागा राखून ठेवा, एकच. ते आत घेताना जे कार्ड बाजूला ठेवाल त्यावर पुढची पायरी एका ओळीत लिहा, उदाहरणार्थ ‘सराफाची मार्चची तीन बिलं तपासायची’. परत आल्यावर दहा मिनिटं वाचतात.

आकडा कसा ठरवायचा आणि चुकला हे कसं ओळखायचं

एकट्यासाठी ‘चालू’त दोन किंवा तीन पुरतात. एक हातातलं आणि एक पोर्टल मंदावलं तर करायला. (२० तारखेच्या आसपास हे दुसरं लागतंच.) एकच ठेवलं तर पोर्टल अडलं की नियम मोडावा लागतो, आणि एकदा मोडला की मग मोडतच राहतो.

कार्ड ‘चालू’त आलं की कोपऱ्यात तारीख टाका. रोज संध्याकाळी बघा: ज्या कार्डाला आज हातच लागला नाही, ते तिथे का आहे? असं कार्ड रोज सापडत असेल तर मर्यादा एकनं उतरवा. उलट कागद पूर्ण असलेली कामं पडून आहेत, हातातलं सगळं अडलंय आणि फोनही करून झालेत, अशी वेळ वारंवार आली तर एकनं वाढवा. आकडा महिन्यातून एकदाच बदला, तोही २० तारीख उलटल्यावर, १९ ला वैतागून नाही.

ट्रेलो या ॲपवर बोर्ड ठेवत असाल तर List Limits हे पॉवर-अप लावता येतं. पण ते फक्त यादीचा रंग बदलतं, जास्तीचं कार्ड अडवत नाही. आठवड्याभरात तो रंग डोळ्यांना सवयीचा होतो. बाईंनी भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर ‘थांबलंय’खाली पाचच चौकोन आखलेत. सहाव्या चिठ्ठीला चिकटवायला जागाच नाही, त्यामुळे ती हातात घेऊन उभं राहावं लागतं आणि फोन लावावा लागतो.