द्राक्षाच्या छाटणीत या चुका टाळा: ऑक्टोबरात रिकामी निघणारी काडी मे महिन्यातच रिकामी झालेली असते

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी फोन सुरू होतात. "छाटणी होऊन पंधरा दिवस झाले, बाग मस्त फुटली, पण घडच दिसत नाहीत, नुसते बाळ्यांचे तंतू. काय मारू?" काही मारू नका. ज्या दिवशी काही करता आलं असतं, तो दिवस मेमध्ये गेला. मी नाशिककडच्या थॉमसन जातीच्या द्राक्षबागांबद्दल बोलतोय. आपल्याकडे वेलीवर वर्षातून दोनदा कात्री चालते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. एप्रिलमध्ये काडी तयार होते, त्या काडीच्या डोळ्यात घड बसतो, आणि ऑक्टोबरात आपण तो डोळा फक्त उठवतो. आत घड नसेल तर उठवून निघणार काय? तरी लोक सगळा जीव ऑक्टोबरच्या छाटणीला लावतात आणि मे महिन्यात लग्नं जेवत फिरतात.

माझ्या डोक्यात जाणाऱ्या दोन चुका आहेत. बाकीच्या किरकोळ आहेत, त्या शेवटी सांगतो.

पहिली: ओलांडा एका दमात पळवणं

नवी बाग, रिकट घेतलेला, म्हणजे वेल खाली कापून नवी फूट काढलेली, आणि फूट जोमात. खोडावरून दोन्ही बाजूंना ओलांडे, म्हणजे काड्या धरणाऱ्या आडव्या फांद्या, वळवले की नवशिक्याला घाई होते. फूट दिवसाला बोटभर वाढते, महिन्याभरात शेजारच्या वेलीला जाऊन भिडते. मग फोटो काढून पाठवतात, "बघा, दीड महिन्यात ओलांडा पूर्ण." मला तो फोटो बघूनच पुढच्या दहा वर्षांची बाग दिसते. शेवटाला चार काड्या, खोडाजवळ दोन, आणि मधे हातभर बोडका ओलांडा.

कारण साधं आहे. वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संजीवक तयार होतं आणि ते खाली वाहत राहतं. जोवर शेंडा पळतोय, तोवर खालचे डोळे गप्प बसतात, शिवाय अन्नही शेंड्याकडेच ओढलं जातं. याला शेंड्याची हुकूमत म्हणा. शेंडा मोडला की ही हुकूमत सुटते, पण ती वरून खाली सुटते. कापाच्या लगेच मागचे दोन-तीन डोळे आधी फुटतात आणि त्यांच्या फुटी खालच्यांना पुन्हा दाबतात. म्हणून पाच फूट पळालेला ओलांडा शेवटाला एकदा कापून मधले डोळे जागे होत नाहीत. मग लोक हायड्रोजन सायनामाइडचा डोस वाढवून मधले डोळे उठवायला बघतात. काही उठतात, काही भाजतात.

मी थांबत-थांबत जातो. फूट नऊ पानांवर आली की सातव्या पानावर शेंडा मारतो. चार-सहा दिवसांत जवळजवळ प्रत्येक पेऱ्यावर बगलफूट निघते. सगळ्यात पुढची बगलफूट ओलांडा पुढे न्यायला ठेवतो, बाकीच्या तीन-चार पानांवर मारून तिथेच काड्या म्हणून धरतो. पुढची फूट पुन्हा नऊ पानांची झाली की पुन्हा तेच. ओलांडा पूर्ण व्हायला शेजाऱ्यापेक्षा महिनाभर जास्त लागतो आणि शेजारी हसतो. पण माझ्या ओलांड्यावर वीतभरसुद्धा जागा मोकळी नसते. बोडका झालेला ओलांडा दुरुस्त करायचा म्हणजे तो मागे कापून नव्याने काढायचा, आणि त्यात एक वर्षाचा माल जातो. हे सांगितल्यावर कुणीच कापत नाही, सगळे "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात.

दुसरी: मेमध्ये काड्यांची गर्दी ठेवणं

ही चूक माझ्या साडूने केली. निफाड तालुक्यात त्याची दोन एकर थॉमसन आहे, नऊ बाय पाच फुटांवर, वाय आकाराच्या मांडवाची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड छाटणी, फूट एकसारखी, सगळं वेळेवर. मेच्या मध्यावर मी गेलो तेव्हा बाग हिरवीगार, पानं हाताएवढी. "दाजी, अशी कॅनोपी तालुक्यात नाही," म्हणाला. मी भर दुपारी बाराला वाकून आत गेलो आणि जमिनीकडे बघितलं. बागेखाली सावली सलग पडली होती, कवडसा नावाला नाही. चार वेलींच्या काड्या मोजल्या. पन्नासच्या खाली एकही वेल नव्हती.

"विरळणी कधी केली?"

"केलीच नाही. मजूर कुठे मिळतात लग्नसराईत? आणि काड्या जास्त तर घडही जास्तच ना!"

हा हिशोब दिसायला बरोबर आहे, म्हणूनच तो घात करतो. द्राक्षाच्या डोळ्यात आधी एक लहानसा कोंब तयार होतो. त्याचं पुढे घड व्हायचं की बाळी, हे सुरुवातीला ठरलेलं नसतं. घड आणि बाळी ही एकाच कोंबाची दोन रूपं आहेत. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात हा निवाडा होतो. त्या वेळी डोळ्यावर ऊन पडत असेल, पानांनी साखर साठवलेली असेल आणि सायटोकायनीन या संजीवकाचं पारडं जड असेल, तर घड बसतो. सावली, भरपूर पाणी, नत्राचा मारा आणि पळती वाढ असेल तर जिबरेलिन हे दुसरं संजीवक वरचढ होतं आणि बाळी होते.

आता ऊन किती झिरपतं ते बघा. द्राक्षाचं एक पान त्याच्यावर पडलेल्या कामाच्या उजेडातला नव्वद टक्क्यांहून जास्त स्वतः पिऊन टाकतं. खालच्या पानाला पाच-सहा टक्के मिळतात, त्याच्या खालच्याला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे पानांचे तीन थर झाले की तिसऱ्या थरातलं पान वेलीला पोसत नाही, वेल त्याला पोसते. आणि फळाचे डोळे असतात काडीच्या बुडापासून चौथ्या ते आठव्या पेऱ्यात, म्हणजे बरोबर त्या अंधारात.

मी त्याला त्याच दिवशी पंधरा-सतरा काड्या वेलीमागे काढ म्हणालो. फुटीला बारा-तेरा पानं झाली होती, विरळणीची खरी वेळ चार-पाच पानांवरच गेली होती, पण अजून उशीर पूर्ण झाला नव्हता. त्याने दोन ओळी केल्या. काढलेल्या हिरव्या काड्यांचा ढीग बघून त्याच्या पोटात गोळा आला आणि बाकीची बाग तशीच राहिली.

ऑक्टोबरात त्याने डोळे तपासले नाहीत. सगळ्या काड्या आठ डोळ्यांवर कापल्या, वरचे दोन डोळे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग केलं. चौदाव्या दिवशी बाळ्या दिसल्या. आधी म्हणाला, पावसाने घड जिरले. जिरलेला घड आधी दिसतो आणि मग बारीक होत बाळीत जातो. इथे घड कधी दिसलाच नव्हता. शेजारच्या त्या दोन विरळलेल्या ओळींत मात्र जवळजवळ प्रत्येक काडीला घड होता. पाऊस काय ओळ बघून पडला?

मग मी तपासणीसाठी दहा काड्या नेल्या. काही वेलींवर पेस्टिंग करायच्या राहून गेलेल्या, न फुटलेल्या काड्या होत्या, त्याच मिळाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा उभा कापून बघितला. बुडाचे दोन डोळे रिकामे, तिसरा संशयास्पद, चौथ्या-पाचव्यात बऱ्याच काड्यांना लहान का होईना घड, सहाव्यात काहींना, सातवा-आठवा बाळीचा. आता जोडा दोन्ही गोष्टी. आठव्यावर कापलं तर शेंड्याच्या हुकुमानं आठवा आणि सातवा आधी फुटणार, ते रिकामे. चौथा-पाचवा घड पोटात धरून खाली झोपलेलाच. तपासणी छाटणीच्या दहा दिवस आधी झाली असती तर पाचव्यावर कापून चौथा-पाचवा पेस्ट केला असता आणि निम्मा तरी माल हाती लागला असता. तीन ओळी आम्ही पुन्हा पाचव्या डोळ्यावर कापल्या. घड निघाले, पण लहान, आणि बाकी बागेच्या वीस दिवस मागे. फवारणीचं वेळापत्रक दोन, काढणी दोन, व्यापारी एक. तो भाव पाडून गेला.

तेव्हापासून माझी सवय अशी. नऊ बाय पाचच्या वेलीवर पस्तीसच्या आसपास काड्या, ओलांड्यावर तीन बोटांच्या अंतराने एक, एकमेकींवर आलेली आधी जाते. सात पानांवर शेंडा, त्यातून निघालेली पुढची फूट पाच पानांवर बंद, म्हणजेच सबकेन. शेंडा मारल्याच्या गाठीजवळ वाढ थबकते आणि तिथले डोळे घडाला चांगले निघतात, म्हणून ऑक्टोबरात गाठीच्या पुढे एक डोळा ठेवून कापता येतं. पण शेंडा सातव्या पानावर मारायचा म्हणजे फुटीला आठ-नऊ पानं असताना. पंधरा पानं झाल्यावर मागे येऊन सातव्यावर कापणाऱ्यांनी सबकेन केलं असं म्हणू नये. शेंडा मारल्यावर गाठीच्या खालच्या बगलफुटी काढायच्या, नाहीतर त्या पुन्हा डोळे झाकतात. आणि दुपारी बाराला बागेत शिरून जमीन बघायची. उन्हाचे कवडसे हलत असले तर ठीक. सलग सावली असेल तर विरळा, सलग ऊन असेल तर फार काढलंत, काड्या आणि पुढे घडही भाजतील.

ढगाळ वर्ष आलं तर हेही पुरत नाही. 2025 मध्ये मेमध्येच पाऊस उतरला, तेव्हा नीट विरळलेल्या बागांतही डोळे कमी भरले. अशा वर्षी पाणी आणि नत्र आवरायचं आणि तपासणी चुकवायची नाही, एवढंच हातात राहतं.

बाकीच्या, थोडक्यात

अंगठ्याएवढी जाड काडी बघून खूश होऊ नका, ती वाढीची आहे, फळाची नव्हे. पेन्सिलीएवढी, तपकिरी झालेली, आतला गाभा बारीक असलेली काडी हवी.

सायकोसिल फवारून विरळणीची कसर भरून निघत नाही. ते वाढ आवरतं, ऊन आणत नाही.

पेस्टिंग सगळ्या डोळ्यांना चोपडू नका. जे डोळे फुटायला हवेत तेवढेच, आणि छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत.

कापताना डोळ्याच्या वर अर्धा इंच ठेवा. कापाला चिकटलेला डोळा वाळतो, आणि मग त्याच्या खालचा राजा होतो, तुम्ही निवडलेला नव्हे.

तपासणीला काड्या पाठवताना बांधावरच्या दहा उचलू नका. त्यांना ऊन आपोआप मिळतं, त्यांचा अहवाल नेहमीच छान येतो. माझ्या साडूने पुढच्या वर्षी नेमक्या त्याच पाठवल्या होत्या, मी त्या प्रयोगशाळेच्या दारातून परत आणल्या.